गालांवरचे डाग: वांग, ऊन की चीक?

प्रश्न: मालवणला राहते. दोन्ही गालांवर तपकिरी डाग आलेत. वांग आहे की उन्हाने काळवंडलंय? मेडिकलमधून ट्यूब आणून लावू का?

ट्यूब नको. आधी डागाचा आकार बघा. वांग दोन्ही गालांवर जवळपास सारखं, नकाशासारख्या वेड्यावाकड्या कडेचं असतं, खाजत नाही. अनेकदा गरोदरपणात किंवा गर्भनिरोधक गोळ्यांवर सुरू होतं. उन्हाने मान-हातही काळवंडतात, बांगडीखालची जागा उजळ राहते.

तिसरा प्रकार आपल्या बागांतला. माझ्या वहिनीच्या हनुवटीवर कैरी काढताना चीक उडाला. फोड आला, खपली पडली आणि नेमका ओघळाच्या आकाराचा काळा डाग उरला. तिने खपली खरवडली नाही, ऊन टाळलं. सात-आठ महिन्यांत डाग पुसट झाला.

वांग इतकं सरळ नाही. ते फिकट होतं, पण उन्हात परत उमटतं. त्याला डोळ्यांना दिसणारा उजेडही चेतवतो, म्हणून आयर्न ऑक्साइडचं टिंटेड सनस्क्रीन साध्यापेक्षा बरं. मेडिकलमधल्या त्या ट्यूबमध्ये बऱ्याचदा डाग फिकट करणाऱ्या हायड्रोक्विनोनबरोबर स्टेरॉइड असतं. महिनाभर चेहरा उजळतो, मग त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसतात, आणि ट्यूब सोडली की डाग परत. त्वचारोगतज्ज्ञ ती दिली तरी थोडेच आठवडे देतात. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर त्यांना आधी सांगा.