विषय सोडायचा की पेपर द्यायचा?

"मुलगी हिंगणा रोडवरच्या एका स्वायत्त इंजिनिअरिंग कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्सच्या तिसऱ्या सेमिस्टरला आहे. सिग्नल्स अँड सिस्टिम्समध्ये मिड-सेमला ३० पैकी ९, असाइनमेंट वगैरे धरून २० पैकी १२. शेवटचा पेपर ५० चा. पास व्हायला एकूण ४० आणि पेपरात किमान २० लागतात. विषय ४ क्रेडिटचा. आतापर्यंत ४० क्रेडिटवर सीजीपीए ७.५. बाकीच्या १६ क्रेडिटचे विषय ठीक आहेत. जीपीए पडेल म्हणून ती विषय सोडायचं म्हणते. फॉर्मची मुदत पुढच्या शुक्रवारपर्यंत. काय करावं?" – एक पालक, मानेवाडा, नागपूर

नमस्कार,

आधी हवे असलेले गुण काढू. हातात २१ आहेत, म्हणजे चाळिशी गाठायला १९ पुरतील. पण पेपरची वेगळी अट २० ची आहे, त्यामुळे खरा आकडा २०. पुष्कळ मुलं फक्त बेरीज बघतात आणि ही दुसरी अट निकालाच्या दिवशी कळते.

आता जीपीएचं भय. बाकीच्या विषयांत सरासरी ७.५ च राहिली असं धरा. विषय सोडला तर तो हिशेबातच येत नाही, सीजीपीए ७.५ वर थांबतो. काठावर पास झाली, म्हणजे ग्रेड पॉइंट ४ मिळाला, तर:

(300 + 120 + 16) / 60 = 7.27

नापास झाली तर ४२० भागिले ६०, म्हणजे ७.०. हे आकडे आज बोचतात, पण सोडलेला विषय पुढे पुन्हा घ्यावाच लागतो आणि तेव्हा त्याचा ग्रेड हिशेबात येतोच. समजा पुढच्या वर्षी तिने त्यात ७ पॉइंट मिळवले. आजच्या ४ पेक्षा फायदा ३ पॉइंटचा, गुणिले ४ क्रेडिट, म्हणजे १२. पदवी १६० क्रेडिटची असेल तर शेवटच्या सीजीपीएत फरक ०.०७५. एवढ्यासाठी अख्खा विषय पुन्हा करणं मला तरी परवडणारं वाटत नाही. त्यामुळे जीपीए बाजूला ठेवा. प्रश्न उरतो तो २० येतील का, हाच.

हे घरीच तपासता येतं. मागच्या वर्षीचा पेपर घ्या, ठरलेल्या वेळेत, वही न उघडता सोडवू द्या आणि वर्गातल्या चांगल्या मुलाकडून कडक तपासून घ्या. २०-२२ च्या पुढे गेली तर सोडण्याचा विषयच संपला. १२ ते २० मध्ये असेल तर गुण कुठे गेले ते बघा. मिड-सेमला बहुधा कन्व्होल्यूशन आणि फूरियर असतात, तिथे आकृती डोळ्यासमोर यावी लागते. नंतरचे लाप्लास आणि झेड-ट्रान्सफॉर्म त्या मानाने ठोकळेबाज आहेत: आंशिक अपूर्णांक पाडायचे, कोष्टक लावायचं, पायरीगणिक गुण घ्यायचे. गुण जातात ते आरओसी, म्हणजे z च्या कोणत्या किमतींसाठी राशी लागू होते तो प्रदेश, न लिहिल्याने. हे बघा:

```
X(z) = z/(z - 0.5)
|z| > 0.5  :  x(n) = (0.5)^n u(n)
|z| < 0.5  :  x(n) = -(0.5)^n u(-n-1)
```

राशी एकच, उत्तरं दोन. आरओसी लिहिला नाही तर कोणतं उत्तर हवं हेच ठरत नाही. अशा जागी गेलेले गुण दोन-तीन आठवड्यांत परत येतात. पण सोपा पेपर असूनही १२ च्या आत अडकली, आंशिक अपूर्णांकच जमत नसतील, तर सोडणं शहाणपणाचं.

फॉर्म भरण्याआधी कॉलेजच्या नियमपुस्तिकेत एक गोष्ट नक्की वाचा: नापास झालेल्याला पुनर्परीक्षा आहे का. बऱ्याच स्वायत्त कॉलेजांत नापास विद्यार्थ्याचे आतले गुण कायम ठेवून फक्त पेपर पुन्हा घेतात, पण ज्याने विषय सोडला त्याला ही वाट बंद असते. त्याला नव्याने नोंदणी करून वर्गात बसावं लागतं. विषय फक्त विषम सेमिस्टरला असेल तर तो थेट पाचव्यात येईल, तेव्हाच्या विषयांशी वेळापत्रक भांडेल आणि हा विषय पूर्ण असणं ज्या पुढच्या विषयांसाठी बंधनकारक आहे तेही अडतील. दुसऱ्या वर्षातून तिसऱ्यात जायला किती क्रेडिट लागतात तेही तिथेच सापडेल. सोडलेले ४ क्रेडिट त्यात मोजत नाहीत. पुनर्परीक्षेच्या ग्रेडवर मर्यादा असू शकते, पण वरचा हिशेब बघता तिचं वजन फार नाही.

मात्र हजेरी कॉलेजच्या अटीपेक्षा कमी असेल तर ही सगळी चर्चा गैरलागू. पेपरलाच बसू दिलं नाही तर शून्य पॉइंट पडतो. अशा वेळी मुदतीत विषय सोडावा.

तुमच्या आकड्यांवरून माझं मत पेपर द्यावा असं आहे. रविवारी जुना पेपर सोडवून घ्या, सोमवारी परीक्षा विभागात पुनर्परीक्षेचा नियम विचारा. फॉर्म शुक्रवारपर्यंत कोराच राहू द्या.