प्रश्नोत्तरे: कॉफीची वही आणि त्यातले चार रकाने

प्रश्न: वहीत नेमकं काय काय लिहायचं? एकाने दिलेल्या तक्त्यात पंधरा रकाने होते. तीन दिवसांत कंटाळून सोडून दिलं.

बरं केलंत. सकाळी डोळे चोळत पंधरा रकाने कोण भरणार? जे रोज सारखंच असतं ते रोज लिहायचं नाही. नवं पाकीट उघडलं की नवं पान घ्या आणि वर एकदाच लिहून टाका: कोणती कॉफी, कधी भाजलेली, पाणी किती (समजा २५० ग्रॅम), पाणी उकळतं की जरा निवलेलं, आणि ओतायची पद्धत. खाली रोजची एक ओळ पुरते: डोस, दळण, वेळ, चव. डोस म्हणजे कोरड्या पुडीचं वजन. ते काट्यावरच करा, कारण वेगवेगळ्या भाजणीच्या बिया चमच्यात सारख्या वजनाच्या भरत नाहीत. दळण म्हणजे ग्राइंडरवरचा आकडा. वेळ पहिलं पाणी पडल्यापासून पुडीच्या थरावरचं पाणी दिसेनासं होईपर्यंत मोजायचा.

ओळीच्या शेवटी मात्र एक शब्द आग्रहाने लिहायला सांगेन: ‘उद्या’. उद्या काय बदलायचं हे कप हातात असतानाच ठरवा. दुसऱ्या दिवशी ती चव आठवत नाही, आणि मग अंदाजपंचे चालू होतं.

प्रश्न: माझ्या ड्रिपरच्या दोन नोंदी देते. पहिली: १५ ग्रॅम, २२ क्लिक, २:०५, आंबट आणि पातळ. दुसरी: १७ ग्रॅम, २० क्लिक, २:५०, दाट झाली पण आंबटपणा आहेच. पाणी दोन्ही वेळा २५०. आता पुढे काय करू?

दुसऱ्या दिवशी तुम्ही दोन गोष्टी बदलल्यात, आणि त्या दोन्ही एकमेकींच्या विरुद्ध ओढत होत्या. दळण बारीक केलं की पुडीचा जास्त पृष्ठभाग पाण्याला मिळतो, पाणीही सावकाश उतरतं, म्हणून प्रत्येक कणातून जास्त अर्क निघतो. डोस वाढवून पाणी तेवढंच ठेवलं की कप दाट होतो, पण दर ग्रॅम पुडीच्या वाट्याला पाणी कमी येतं आणि प्रत्येक कणातून निघणारा अर्क उलट घटतो. बारीक दळणाने जे कमावलं त्यातलं काही डोसने घालवलं. वेळ पंचेचाळीस सेकंदांनी वाढला तोही फसवा आहे, कारण पुडीचा थर जाड झाला की पाणी तसंही रेंगाळतं.

आंबट आणि पातळ असा कप बहुतेक वेळा अर्क पुरेसा न निघाल्याचं लक्षण असतो. आम्लं लवकर विरघळतात. गोडवा आणि कडवटपणा देणाऱ्या गोष्टींना वेळ लागतो. म्हणून डोस १५ वर परत आणा आणि फक्त दळण हलवा. पुढची पानं साधारण अशी दिसतील:

१५ ग्रॅम, २० क्लिक, २:२५, आंबट पण गोडसर. उद्या १८.
१५ ग्रॅम, १८ क्लिक, २:५०, गोड, शेवट स्वच्छ. उद्या १६, नुसतं बघायला.
१५ ग्रॅम, १६ क्लिक, ३:४०, तुरट, जीभ कोरडी. उद्या परत १८.

(आकडा लहान म्हणजे दळण बारीक, असं धरलंय. तुमचे वेळ थोडे वेगळे येतील. दिशा तीच राहील.)

तिसरी ओळ वाया गेली असं समजू नका. चांगला कप मिळाल्यावर आणखी एक पाऊल पुढे गेल्याशिवाय हद्द कुठे आहे ते कळत नाही. तिथला वेळही बघा: आधी दोन क्लिकला पंचवीसेक सेकंद वाढत होते, इथे एकदम पन्नास. भुकटी फिल्टरच्या छिद्रांत बसायला लागली की असं होतं. पाणी मग वाट मिळेल तिथून धावतं. काही पुडी नको तितकी पिळून निघते, काही तशीच राहते. ड्रिपर रिकामा करण्याआधी आत डोकावून पाहा. थर सपाट असेल तर ठीक. एका बाजूला खळगा आणि वर चिखलासारखा लेप दिसला, तर दळण फार बारीक झालंय किंवा पाणी एकाच जागी ओतलं गेलंय.

१८ वर चव बसली आणि कप फक्त पातळ वाटला, तर आता डोसला हात लावा: १५ चे १६. दळण आधी, डोस नंतर, हा क्रम मी सहसा मोडत नाही.

प्रश्न: डोस तोच, क्लिक तेच, तरी वेळ कधी २:४० तर कधी ३:१५. ग्राइंडर बिघडलाय का?

आधी हाताकडे बघा. उंचावरून आणि जोरात ओतलं की थर ढवळला जातो, भुकटी खाली बसते आणि पाणी अडतं. ओतण्याचे टप्पे पानाच्या वर लिहून ठेवा: पहिल्यांदा ४५ ग्रॅम पाणी, अर्धा मिनिट थांबणं, मग दोन सारख्या हप्त्यांत उरलेलं. हे आठवडाभर घड्याळ लावून पाळलंत की फरक पाच-दहा सेकंदांवर येतो, आणि तेवढ्याची दखल घ्यायची नाही. तरीही फरक पडत असेल, तर ग्राइंडर साफ केल्यावर शून्य सरकलं का ते तपासा. क्लिक नेहमी पाती एकमेकांना टेकतात तिथून मोजायचे.

प्रश्न: चवीचा रकाना भरता येत नाही. आंबट, कडू, तुरट, सगळं ‘कसंतरीच’ लागतं.

फळाफुलांची नावं शोधत बसू नका, त्यांचा दळण ठरवायला काही उपयोग नाही. तोंडात काय होतं ते लिहा. आंबट असेल तर तोंडाला पाणी सुटतं. कडू असेल तर घोट गिळल्यावरही चव मागे रेंगाळते. तुरट ही खरं तर चव नाही, स्पर्श आहे: जीभ टाळूला घासली की खरखरीत लागते, फार उकळलेल्या कोऱ्या चहानंतर लागते तशी.

गोंधळ उडालाच तर दोन घोट वेगळे काढून त्यात चमचाभर गरम पाणी घाला. चव खुलली तर कॉफी नुसती कडक होती, डोस कमी करा. पातळ होऊनही कडवटपणा टोचतच राहिला तर अर्क जास्त निघालाय, दळण जाड करा. हे सगळं दूध-साखर घालण्याआधी, आणि कप चार-पाच मिनिटं निवल्यावर. वाफाळत्या कॉफीत दोष लपतात.

प्रश्न: मी फ्रेंच प्रेस वापरतो. वेळ तर मीच ठरवतो, मग तो रकाना कशाला?

खरंय. ड्रिपरमध्ये वेळ हा दळणाचा परिणाम असतो, तुमच्याकडे तो तुमचा निर्णय आहे. पानाच्या वर एकदाच ‘४ मिनिटं’ लिहा आणि रोज दळण आणि चव एवढंच. रिकाम्या झालेल्या रकान्यात कपाच्या तळाशी गाळ किती आला ते टिपा. दळण बारीक करत जाताना कुठे थांबायचं, ते तुम्हाला तिथून कळेल.