पाचशेची एसआयपी नंतर, आधी पॉलिसी परत कर

‘सर, मी २० वर्षांची, नाशिकला बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. मेस आणि खोलीभाडं घरून परस्पर भरलं जातं. हातखर्चाला १,५०० येतात आणि शिकवण्या घेऊन मी २,५०० कमावते. नात्यातल्या एका काकांनी माझ्या नावे २० वर्षांची पॉलिसी काढून दिली. हप्ता वर्षाला २४,०००, शेवटी ९ लाख मिळतील म्हणाले. पहिला हप्ता आईने भरला, पुढचे मी भरणार. त्यासाठी महिन्याला २,००० बाजूला काढले की शिकवणीतले ५०० उरतात. त्यांची एसआयपी कोणत्या फंडात करू? तीन वर्षांत दुप्पट होतील असा सांगा. पॉलिसीची कागदपत्रं १८ दिवसांपूर्वी पोस्टाने आली.’

पत्रातलं शेवटचं वाक्य सगळ्यात मोलाचं आहे. पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत ती कारण देऊन परत करता येते. याला ‘फ्री लूक’ म्हणतात. तुझे १२ दिवस उरले आहेत. पण आजच ईमेल उघडून बघ. ई-पॉलिसी पोस्टाच्या आधी आली असेल, तर दिवस त्या तारखेपासून मोजले जातील.

परत का करायची? आयुर्विमा असतो तो आपल्या कमाईवर कुणाचं तरी घर चालत असतं म्हणून. तुझ्या शिकवणीच्या पैशांवर कुणाचंही पोट अवलंबून नाही, मग तुला आज विमाच नको. राहिली गुंतवणूक. वीस वर्षांत तू ४ लाख ८० हजार भरणार आणि ९ लाख घेणार. ऐकायला जवळपास दुप्पट, पण हिशोब केला तर वर्षाला पावणेसहा टक्क्यांच्या आसपास. हेच पैसे पीपीएफमध्ये आजच्या ७.१ टक्क्यांनी तेवढीच वर्षं राहिले, तर साडेदहा लाखांच्या घरात जातात. तेही सरकारी हमीचे.

आणि ते ९ लाख तरी कुठले? कागदपत्रांमध्ये लाभाचं कोष्टक असेल, त्यावर तुझी सही असेल. बोनसवाल्या पॉलिसीत दोन अंदाज दाखवतात, एक ४ टक्के धरून, दुसरा ८ टक्के धरून. काकांनी बहुतेक ८ टक्क्यांच्या रकान्यातला आकडा सांगितला. हमीची रक्कम त्याच कोष्टकात वेगळी दिलेली असते, ती शोध. विद्यार्थ्यांना असा आकडा सांगून वीस वर्षांच्या हप्त्यात अडकवणं मला अजिबात पटत नाही.

खरी भीती पुढच्या वर्षाची आहे. तुझ्या कमाईतला रुपयाला ऐंशी पैसे वाटा या एका हप्त्याला जाणार. परीक्षेच्या दोन महिन्यांत शिकवण्या बंद पडल्या की हप्ता कुठून आणशील? पहिल्या वर्षानंतर सोडली तरी काही रक्कम परत मिळावी असा नियम १ ऑक्टोबर २०२४ पासून आहे, पण ती भरलेल्या पैशांपेक्षा कमीच असते. आत्ता परत केलीस तर मुद्रांक शुल्क, तपासणी झाली असेल तर तिचा खर्च आणि झालेल्या दिवसांचा विम्याचा खर्च एवढंच कापून बाकी हप्ता मिळेल.

अर्ज कंपनीच्या शाखेत स्वतः दे, पोच घे आणि तोच ईमेलनेही पाठव. सोबत मूळ पॉलिसी आणि रद्द केलेला चेक लागेल. अर्ज काकांच्या हाती देऊ नकोस. पॉलिसी रद्द झाली की त्यांचं कमिशन जातं, त्यामुळे ‘बघू, पुढच्या आठवड्यात करू’ म्हणत १२ दिवस निघून जातील. शाखेने टाळाटाळ केली तर विमा नियामकाच्या १५५२५५ वर तक्रार नोंदव. पैसे आले की आईला परत कर.

आता पाचशे. एकदम गुंतवलेले पैसेसुद्धा तीन वर्षांत दुप्पट व्हायला वर्षाला २६ टक्के लागतात, दरमहाच्या हप्त्यांना तर त्याहून जास्त, आणि तसं वचन देणारा माणूस फसवतोय असंच समज. दरमहा ५०० म्हणजे तीन वर्षांत १८,०००. १२ टक्के मिळाले तर साडेएकवीस हजार होतील. आणि बाजार उतरू शकतो: २०२० च्या सुरुवातीला निफ्टी दोन-अडीच महिन्यांत ३८ टक्के घसरला होता. म्हणून बी.कॉम.नंतर पुढे शिकायला लागणाऱ्या फीचे पैसे शेअर बाजारात नकोत. पॉलिसीचे सुटलेले २,००० बँकेच्या आवर्ती ठेवीत टाक आणि फी त्यातून भर. पाच-सात वर्षं हात लावायचा नाही ते ५०० निफ्टीतल्या पन्नास कंपन्यांतच पैसे लावणाऱ्या निफ्टी ५० च्या इंडेक्स फंडात, तेही मध्ये एजंट नसलेल्या डायरेक्ट प्लॅनमध्ये. त्याला पॅन, आधार आणि बँक खातं पुरतं, डीमॅट लागत नाही.

एसआयपीच्या हप्त्याची तारीख मात्र शिकवणीचे पैसे जमा होतात त्यानंतर तीन-चार दिवसांनी ठेव. खात्यात पैसे नसले तर बँक दंड लावते, तो कधी कधी तुझ्या हप्त्याइतकाच असतो, आणि सलग तीन हप्ते चुकले तर एसआयपीच बंद होते. परीक्षेच्या महिन्यांत शिकवण्या नसतील, तर फंडाच्या साइटवरून एसआयपी आधीच थांबवून ठेव. बहुतेक फंडांत ती सोय असते.