जास्तीचं बुकिंग आणि दुसऱ्या हॉटेलात पाठवायचा पाहुणा

प्रश्न: साताऱ्यात हॉटेलच्या फ्रंट डेस्कवर नवीन लागलोय. मालक एक-दोन खोल्या जास्तच बुक करायला सांगतात. सगळेच पाहुणे आले तर जादाच्या माणसाला दुसरीकडे कसं पाठवायचं?

उत्तर: पाहुणा काउंटरवर येऊन उभा राहण्याआधीच हा प्रश्न सुटायला हवा. त्याची वेळ दुपारी चारची.

सप्टेंबरमधला शनिवार होता, कास फुललेलं. आमच्या २४ खोल्यांवर २५ बुकिंग होती, कारण आठवड्यातल्या इतर दिवशी एखादा तरी येत नाही. पण ती सरासरी कासच्या शनिवारी चालत नाही. आगाऊ पैसे भरलेला, पठाराचं ऑनलाइन तिकीट काढलेला माणूस येतोच. त्या दिवसांत मी आता एकही खोली जादा विकत नाही आणि मालकांनाही हेच कारण सांगतो.

दुपारी प्रत्येकाला फोन केला. सगळे येणार होते, म्हणजे एक खोली कमी. कोणाला हलवायचं? कोल्हापूरच्या कुटुंबासोबत आजी होत्या, एक बाई एकट्याच रात्री उशिरा पोचणार होत्या. त्यांना हात लावायचा नाही. दोन रात्री राहणाऱ्यांनाही नाही. पुण्याचं एक जोडपं एकाच रात्रीसाठी, स्वतःच्या गाडीने येत होतं. त्यांना निवडलं.

आधी पोवई नाक्याजवळच्या हॉटेलात खोली त्यांच्या नावावर धरली आणि आमच्या माणसाने जाऊन ती पाहिली. मगच फोन केला: "साहेब, चूक आमची आहे. आमच्याकडून एक बुकिंग जास्त घेतलं गेलंय. तुमच्यासाठी दुसरीकडे याच्यापेक्षा चांगली खोली ठेवलीय. वरचे सातशे रुपये आम्ही भरतो. चालेल का?" ते आधी चिडले, ते साहजिकच होतं. मी मधे बोललो नाही. मग त्यांनी विचारलं, "पहाटे कासला निघायचंय, नाश्त्याचं काय?" पोह्यांचं पार्सल सहाला त्यांच्या दारात पोचवलं. त्यांनी आम्हाला दिलेला अॅडव्हान्स त्याच संध्याकाळी परत केला.

नळ फुटला, एसी बिघडला असली कारणं सांगू नका. शेजारच्या खोलीतला पाहुणा सहज बोलून जातो आणि मग तुमच्या खऱ्या शब्दावरही विश्वास राहत नाही.

कधी निरोप पोचत नाही आणि पाहुणा समोर येतोच. तेव्हा त्याला बाजूला बसवा, पाणी द्या, इतरांसमोर बोलू नका. ज्या हॉटेलात पाठवायचंय तिथे पुन्हा फोन करून खोली आहे ना, याची खात्री करा, तोवर त्याला उठवू नका. एकदा रात्री अकराला मी ही खात्री न करता एका काकांना पाठवलं. तिथली खोली तासाभरापूर्वीच गेली होती, ते बॅग घेऊन परत आले. त्यांचा चेहरा अजून आठवतो. तेव्हापासून शिफ्ट बदलताना रजिस्टरात धरलेल्या खोलीचा नंबर आणि ती कोणी, किती वाजता कबूल केली, हे लिहूनच मी घरी जातो.