लेबलवरचा कव्हरेजचा आकडा एका हाताचा की दोन हातांचा?

प्रश्न: डब्याच्या लेबलचा फोटो आणि खोलीचं कच्चं माप टाकलंय. १२ × १० ची खोली, उंची साडेनऊ फूट. एक लिटरचा डबा ५०० ला मिळतो. किती लिटर रंग आणू, खर्च किती येईल?

चार लिटरचा एक डबा आणा.

तुमच्या फोटोत खाली बारीक अक्षरांत १२० ते १४० चौरस फूट प्रति लिटर असं आहे आणि त्याच ओळीत ‘दोन हात’ लिहिलंय. सगळा हिशोब या दोन शब्दांवर उभा आहे. काही डब्यांवर एकाच हाताचा, म्हणजे दुप्पट आकडा छापतात. मी रंगकामाची कामं घेऊ लागलो तेव्हा एका हाताचा आकडा दोन हातांचा समजून निम्माच रंग आणला होता. दुसऱ्या हाताला डबा रिकामा. नंतर मशीनवर बनवून आणलेली शेड किंचित वेगळी निघाली आणि अख्खी भिंत पुन्हा मारावी लागली.

आता माप. चारही भिंतींची लांबी ४४ फूट, गुणिले साडेनऊ, म्हणजे ४१८. दाराचे २१ वजा केले की ३९७ उरतात, ४०० धरा. खिडकी मी वजा करत नाही, तिच्या आतल्या कडांना रंग लागतोच. छत यात नाही, ते १२० चौरस फूट वेगळं मोजा.

भागाकार नेहमी लहान आकड्याने करा: ४०० भागिले १२० म्हणजे ३.३ लिटर. १४० ने २.९ येतं, पण तो आकडा अगदी गुळगुळीत, रंग न पिणाऱ्या भिंतीचा. घरातली भिंत तशी क्वचितच असते.

३.३ लिटर कोणी सुटा देत नाही, म्हणून खर्च डब्याचा धरायचा. लेबलवर चार लिटरचे १,८०० दिसतात. तुम्ही म्हणता तसा एक लिटरचा डबा ५०० ला असेल, तर चार सुटे २,००० ला पडतील. मोठाच घ्या. गडद शेड हवी असेल तर लेबलवरची किंमत फक्त बेसची असते, त्यात पडणाऱ्या रंगद्रव्याचे पैसे दुकानदाराला आधी विचारा. प्रायमर आणि मजुरी यात धरलेली नाही.

भिंतीवर नवी पुट्टी असेल तर प्रायमर मारल्याशिवाय हा हिशोब जुळणार नाही, पुट्टी रंग शोषून घेते. खात्री करायची असेल तर आधी १० फुटी भिंतीवर पहिला हात मारून बघा. ती ९५ चौरस फुटांची आहे. लेबलचा आकडा दोन हातांचा आहे, म्हणून एका हाताला तिला जेमतेम ४०० मिली रंग लागायला हवा. हे माप पाणी घालण्याआधीच्या रंगाचं. पाणी घालून पातळ केला म्हणून तो जास्त भिंत झाकत नाही. सहाशेच्या वर गेला, तर भिंत पितेय. तेव्हाच थांबा, प्रायमरचा हात द्या आणि मग पुढे जा.