१३३ गुण असूनही टोटल ७१ का?

"सीआर, माझे १८० पैकी १३३ आहेत, म्हणजे जवळपास ७४ टक्के. मग टोटल ७१ कशी?"

मंडळी, सगळ्यांसाठी इथेच सांगतो. गुणांची थेट बेरीज करायची नसते. आधी प्रत्येक परीक्षेचे टक्के काढा, मग तिच्या वेटेजने गुणा.

आपलं वेटेज असाइनमेंट २०, मिडटर्म ३०, फायनल ५०. याचे असाइनमेंटला ५० पैकी ४५, म्हणजे ९० टक्के. २० चे ९० टक्के १८. मिडटर्मला ३० पैकी १८, तिथले १८. फायनलला १०० पैकी ७०, त्याचे ३५. बेरीज ७१.

असाइनमेंट ५० गुणांची दिसते, पण टोटलमध्ये तिचे २०च धरतात, आणि जिथे याचे ६० टक्केच आहेत त्या मिडटर्मचे मात्र पूर्ण ३० धरतात; त्यामुळेच याचे जवळपास ३ टक्के गेले. आणि हो, राउंडिंग शेवटी एकदाच करा, मध्ये नको.