एलओआर दमदार आहे की नुसतं गोड आहे, कमिटी कसं ओळखते

प्रश्न: "ताई, मी बाहेर पीएचडी फेलोशिपला अप्लाय करतेय. गाईड सरांनी आपणहून एलओआरचा, म्हणजे शिफारसपत्राचा, ड्राफ्ट दाखवला. पानभर कौतुक आहे, 'अत्यंत मेहनती, प्रामाणिक, माझ्या उत्तम विद्यार्थ्यांपैकी एक' वगैरे, पण वाचून काहीतरी कमी वाटतंय. नायट्रेटच्या सॅम्पल्समध्ये फिल्टरमुळे येणारी चूक मी शोधली होती, त्याचा तर उल्लेखच नाही. कमिटीच्या नजरेने हे लेटर कसं वाचायचं आणि सरांना काय सांगू?"

इकडे आल्यापासून मी आमच्या विभागाच्या फेलोशिप कमिटीत बसते, त्यामुळे टेबलाच्या या बाजूने काय होतं ते आधी सांगते. एक फाईल साधारण दोन-तीन जण आपापली वाचतात, मार्क देतात आणि मग मीटिंग होते. मीटिंगमध्ये तुझी फाईल पुढे न्यायची तर कुणीतरी तोंड उघडून तुझ्या बाजूने बोलावं लागतं, आणि तो माणूस तुला ओळखत नसतो, त्याच्या हातात फक्त कागद असतात. "ही मेहनती आहे असं गाईड म्हणतात" एवढ्यावर कुणी बोलत नाही, कारण समोरच्या सगळ्याच फायलींमध्ये तेच लिहिलेलं असतं. त्यामुळे लेटर वाचताना मी एकच बघते, यातलं काय मला मीटिंगमध्ये मोठ्याने सांगता येईल. तुझ्या ड्राफ्टमधल्या ज्या ओळी तू दिल्यास त्यात असं काहीही नाही. सरांना तुझ्याबद्दल आपुलकी आहे हे दिसतं, पण तुझं नाव काढून दुसऱ्या कुणाचंही घातलं तरी लेटर जसंच्या तसं चालेल.

आता फिल्टरचं प्रकरण. तू जे सांगितलंस त्यावरून सरांच्या लेटरमध्ये ते असं काहीतरी येऊ शकतं: "विहिरीच्या पाण्याच्या एका बॅचमध्ये नायट्रेटची रीडिंग्ज सतत जास्त येत होती. आम्ही मशीनला दोष देत होतो. हिने शुद्ध पाणी एकदा फिल्टरमधून गाळून आणि एकदा न गाळता मोजलं, आणि गाळलेल्या पाण्यातच नायट्रेट येतंय हे मला दाखवलं. हे करायला तिला कुणी सांगितलं नव्हतं. तेव्हापासून आमच्या लॅबमध्ये प्रत्येक फिल्टर आधी धुऊन घेतात आणि प्रत्येक बॅचबरोबर ब्लँक म्हणून शुद्ध पाणीही मोजतात." पाचच वाक्यं आहेत, विशेषण एकही नाही, पण वाचणाऱ्याला कळतं की अडचण काय होती, बाकीचे कुठे अडकले होते, हिने एकटीने काय केलं, सरांनी ते स्वतः पाहिलं आणि त्यानंतर लॅबमध्ये काय बदललं. माझ्यासारखी पाण्याशी संबंध नसलेली बाईसुद्धा मीटिंगमध्ये सांगू शकते की ही मुलगी मशीनवर आंधळा विश्वास ठेवत नाही, आधी ब्लँक लावून बघते. पुरावा म्हणतात तो हा.

यात एक गोष्ट नीट बघायची, "आम्ही केलं" आणि "तिने केलं" यातला फरक. खूप लेटर्समध्ये सगळं "आमच्या ग्रुपने" असं असतं, मग वाचणाऱ्याला समजतच नाही की विद्यार्थ्याचा वाटा केवढा. आणि उलटही, फिल्टरची शंका मुळात लॅबमेटने काढली असेल आणि तू फक्त तपासून पाहिलं असशील तर सरांनी तसंच लिहायला हवं, कारण तो लॅबमेटही कुठेतरी अप्लाय करणार आहे आणि एकाच लॅबमधून आलेल्या दोन लेटर्समध्ये दोघांनीही तोच शोध लावलेला असेल तर दोन्ही फायलींवरचा विश्वास उडतो.

दुसरी गोष्ट तुलना. "माझ्या उत्तम विद्यार्थ्यांपैकी एक" हे वाक्य मला काहीच सांगत नाही, किती जणांपैकी, कुठल्या पातळीच्या, कशात उत्तम? समजा सरांनी गेल्या 8 वर्षांत मास्टर्सचे 20 प्रोजेक्ट गाईड केलेत. मग "या 20 जणांत प्रयोग आखण्याच्या बाबतीत ती पहिल्या दोघांत आहे, दुसरा विद्यार्थी सध्या पीएचडी करतोय" हे वाक्य सोन्यासारखं आहे. गट माहीत झाला, काळ माहीत झाला, कशाची तुलना तेही कळलं आणि तो दुसरा विद्यार्थी पुढे काय करतोय त्यावरून मापही मिळालं. वर्गात पहिली आली वगैरे लिहून उपयोग नाही, ते मार्कशीटवर दिसतंच आहे. मार्कशीट जे सांगू शकत नाही त्यावर तुलना हवी, म्हणजे प्रयोग फसला की ती काय करते, पेपर वाचताना कुठे शंका काढते, ज्युनियरला कसं शिकवते.

आणि बऱ्याच फेलोशिपच्या पोर्टलवर लेटरच्या जोडीला रेकमेंडरला एक फॉर्म भरावा लागतो, त्यात टॉप 1%, 5%, 10% असे चौकोन असतात. इथे चांगल्या चांगल्या लेटर्सची वाट लागते, कारण प्रेमापोटी सर सगळीकडे टॉप 1% टिक करून टाकतात. 20 विद्यार्थ्यांमधला टॉप 1% म्हणजे एक माणूससुद्धा होत नाही, त्यामुळे वाचणारा लगेच समजतो की ही टिक विचार करून केलेली नाही, आणि मग खालच्या लेटरकडेही तो त्याच नजरेने बघतो. 20 पैकी पहिल्या दोघांत म्हणजे टॉप 10%, तेवढंच टिक केलं आणि लेटरमध्येही तेच लिहिलं तर दोन्ही एकमेकांना आधार देतात. जे सरांनी पाहिलंच नाही, उदाहरणार्थ तुझं शिकवणं, तिथे "सांगता येत नाही" असा पर्याय असेल तर तो निवडलेला मला आवडतो, कारण बाकीच्या टिकांना त्याने वजन येतं.

तिसरी गोष्ट सगळ्यात नाजूक, ती म्हणजे कमतरता. पानभर नुसतं कौतुक असेल तर वाचणारा दोनच अर्थ काढतो, एकतर सर तुला फारसं ओळखत नाहीत किंवा काहीतरी लपवतायत. "ती जरा जास्तच काम करते" अशी नकली कमतरता लिहिली तर ते अजून वाईट. खरी पण मर्यादा घातलेली कमतरता कशी दिसते बघ: "तिचा स्टॅटिस्टिक्सचा पाया कच्चा होता. पहिल्या रिपोर्टमध्ये तिने नुसत्या सरासऱ्यांची तुलना करून निष्कर्ष काढला होता. चूक दाखवल्यावर तिने तो भाग स्वतः शिकून पुन्हा लिहिला, आता साधं विश्लेषण ती नीट करते, मात्र मोठ्या डेटासेटसाठी तिला पहिल्या वर्षी मार्गदर्शन लागेल." यात कमतरता कुठे आहे ते कळतं आणि कुठे नाही तेही, ती कमी होतेय हे दिसतं, आणि पुढे काय लागेल तेही सांगितलंय. आमच्याकडे पहिल्या वर्षी स्टॅटिस्टिक्सचा कोर्स असतोच, मग ही कमतरता तुझ्या आड येत नाही, उलट वर फिल्टरबद्दल जे लिहिलंय ते मी जास्त विश्वासाने वाचते.

धोका असतो तो अर्धवट सोडलेल्या वाक्याचा. "सुरुवातीला काही अडचणी आल्या, पण तिने वर्ष पूर्ण केलं", बस्स, पुढे काहीच नाही. कसल्या अडचणी? तब्येतीच्या, वागण्याच्या की कामाच्या? वाचणारा यातला सगळ्यात वाईट अर्थ धरतो. अशी शंका पेरणारी वाक्यं लिहिणाऱ्याच्या नकळत येतात, आणि मुलींच्या लेटर्समध्ये जास्त येतात. फ्रान्सिस ट्रिक्स आणि कॅरोलिन सेंका यांनी एका अमेरिकन मेडिकल स्कूलमधल्या प्राध्यापकपदांसाठीची 300 हून जास्त शिफारसपत्रं तपासली होती, तो अभ्यास 2003 मध्ये आला, त्यात बायकांसाठीची पत्रं सरासरीने लहान होती आणि त्यांत अशी शंकेची वाक्यं जास्त होती. "मेहनती" हा शब्द मला त्यामुळेच खटकतो. मेहनतीवर सगळा भर दिला आणि डोकं कसं चालतं त्यावर एकही ओळ नसली, तर वाचणारा मनातल्या मनात म्हणतो की कष्टाळू आहे, बाकी काही विशेष नसावं.

देशाप्रमाणे थोडा फरक पडतो हेही लक्षात घे. अमेरिकेत स्तुतीची पट्टीच वरची असते, तिथे नुसतं "चांगली विद्यार्थिनी" म्हटलं तर नापसंती वाटते. युरोपात बऱ्याच ठिकाणी मोजून मापून लिहिलेलं चालतं. पण घडलेली गोष्ट आणि खरी तुलना दोन्हीकडे वाचली जाते, म्हणून त्यावरच जोर लाव.

आता सरांना काय सांगायचं. ड्राफ्ट दुरुस्त करून परत पाठवू नकोस, आणि सर म्हणाले की "तूच लिही, मी सही करतो" तरी नम्रपणे नको म्हण. तुलना आणि कमतरता या दोन गोष्टी तू लिहूच शकत नाहीस, सरांचे बाकीचे विद्यार्थी कसे होते हे तुला कुठून माहीत असणार? शिवाय तुझं एसओपी, म्हणजे तू स्वतःबद्दल लिहिलेलं निवेदन, आणि दोन-तीन लेटर्स एकाच हाताने लिहिलेली असली की ते लगेच ओळखू येतं. त्याऐवजी एक पान दे. फेलोशिप कशासाठी आहे आणि निवडीचे निकष काय आहेत ते दोन ओळींत, मग सरांच्या डोळ्यांसमोर घडलेल्या दोन-तीन घटना तारखांसकट, नुसत्या घटना, त्यांचं मूल्यमापन नाही. फिल्टरची गोष्ट त्यात पहिली टाक, त्या दिवशीच्या लॅब नोटबुकच्या पानाचा फोटोही जोड, म्हणजे सरांना आठवायला सोपं जाईल. वर मी दिलेली नमुन्याची वाक्यं मात्र लिहून देऊ नकोस, सरांना त्यांच्या शब्दांत लिहू दे. बोलताना असं म्हणता येईल: "सर, वेबसाईटवर लिहिलंय की त्यांना ठोस उदाहरणं आणि बाकीच्या विद्यार्थ्यांशी तुलना हवी आहे, माझ्यात जे कमी वाटतं तेही तुम्ही मोकळेपणाने लिहिलंत तर मला चालेल." वेबसाईटवर खरंच तसं असेल तरच वेबसाईटचं नाव घे, पण रेकमेंडरसाठीच्या सूचना बहुतेक फेलोशिपच्या पानावर असतात, त्याची लिंकच पाठव.

एक राहिलं. अमेरिकेतल्या फॉर्ममध्ये बहुतेक वेळा विचारतात की लेटर बघायचा हक्क सोडताय का, तो हक्क 1974 च्या फेर्पा नावाच्या कायद्यातून येतो. तिथे हक्क सोडते असंच टिक कर, कारण उमेदवार वाचणार आहे हे माहीत असलं की लिहिणारा हात आखडता घेतो असं कमिटी धरून चालते. सरांनी आत्ता ड्राफ्ट दाखवला तो त्यांच्या मर्जीने, पण फायनल लेटर मागू नकोस. घटनांचं ते पान डेडलाईनच्या तीन आठवडे आधी त्यांच्याकडे पोचलेलं असू दे, आणि आठवडाभर आधी एकदा पोर्टलची लिंक त्यांच्या मेलच्या स्पॅममध्ये तर गेली नाही ना, तेवढं विचारून घे.